दोन वाजता जाग येणारी काकू आणि न रडलेला मुलगा: औसा तालुक्यातलं एक प्रकरण

मी लातूरला पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात पेशंटचा त्रास कमी ठेवणाऱ्या टीममध्ये समुपदेशक म्हणून काम करते. टीम म्हणजे एक डॉक्टर, एक नर्सताई, मी आणि एक गाडी. पेशंट गेल्यावर आमचं काम संपत नाही, पुढचे 13 महिने त्या घराशी संपर्क ठेवायचा असं आमचं ठरलेलं आहे. 13 अशासाठी की वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर घरात एक वेगळीच शांतता येते आणि तेव्हा एकदा तरी जाऊन बघावं लागतं. हे प्रकरण त्यातल्याच एका घराचं, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

घर औसा तालुक्यातलं, चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. वडील 54 वर्षांचे, पंचवीस-तीस वर्षं तंबाखू, गालाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, रेडिएशनचा शेक झाला, आठ महिने बरे गेले आणि मग मानेतून परत निघाला. शेवटचे तीन महिने घरीच होते. गालाला भोक पडलेलं, नाकातून नळी, जखमेला वास. पन्नाशीला आलेली बायको, तिला मी काकू म्हणते. 26 वर्षांचा मुलगा शेती बघतो आणि जोडीला टेम्पो चालवतो. 19 वर्षांची मुलगी लातूरला शिकते. आणि आजी, म्हणजे पेशंटची आई, पंचाहत्तरीच्या पुढची.

दुखण्यासाठी मॉर्फिनच्या 10 मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्या चालू होत्या. सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 ला एकेक आणि रात्री 10 ला दोन. रात्रीच्या दोन कशाला, तर मधल्या 2 च्या डोसला पेशंटला उठवावं लागू नये, झोप सलग मिळावी म्हणून, ही नेहमीची पद्धत आहे. गोळी चुरून पाण्यातून नळीत द्यायची. पाचही डोस मुलगाच द्यायचा आणि शाळेच्या एका वहीत वेळ लिहून टिक करायचा. टेम्पोची भाडी सोडली पण डोस चुकवला नाही. रात्री 2 ला काकू उठायच्या, डोस नसायचा पण कूस बदलायची, नळीतून थोडं पाणी द्यायचं, जखमेचा गॉज बघायचा. हे दोन तपशील लक्षात ठेवा, रात्री 10 च्या दोन गोळ्या आणि 2 ची जाग, कारण पुढचं सगळं यातनंच निघालं.

श्रावण संपता संपता, पोळ्याच्या चार दिवस आधी, पहाटे 5 ला वडील गेले.

तेरावा झाल्यावर आम्ही पहिल्यांदा गेलो. घरात पाहुणे, ओट्यावर माणसं, मुलगा चहा देत फिरत होता, मंडपवाल्याचा हिशोब, मृत्यूचा दाखला, सगळं तोच बघत होता. सगळे म्हणत होते पोरगं किती धीराचं आहे. मी काकूंजवळ बसले, आजीजवळ बसले, मुलीशी बोलले आणि मुलाच्या हातचा चहा घेऊन निघाले. त्याच्याशी मी बोललेच नाही. माझी यातली सगळ्यात मोठी चूक हीच आणि ती कळायला सहा महिने लागले. दुसरी चूक आमच्या टीमची, उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या परत मागून घ्यायच्या असतात, त्या गर्दीत आम्ही विचारलंच नाही.

सहा आठवड्यांनी चुलत्यांचा फोन आला. "मॅडम, वहिनीच्या डोक्यावर परिणाम झालाय, रात्री दोनला उठून बसायलीये, दादा खोकला म्हणायलीये, फोटोला बोलायलीये, काहीतरी गोळी द्या." गावातल्या डॉक्टरने झोपेची गोळी दिलेलीच होती, पंधरा दिवस चालू होती. काकू दिवसभर पेंगत होत्या आणि रात्री 2 ला तरीपण उठत होत्या.

मी गेले तेव्हा काकू तूर निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, खोकला कसा ऐकू येतो? म्हणाल्या, "बाजंवरूनच येतंय बाई, मी उठून बी बसते, मग ध्यानात येतंय बाजच न्हाई." ती बाज तिसऱ्या दिवशीच भावकीने नेऊन टाकली होती, कपडे, चादरी सगळं, वास येतो म्हणून. मग मी विचारलं, ते काही सांगतात का, हे कर ते कर असं? नाही. भीती वाटते का? "भ्याव कशाचं, बरं वाटतंय. मंग उजाडल्यावर रडू येतंय." जेवण? सकाळी नको वाटतं, संध्याकाळी सासूबरोबर अर्धी भाकरी. कामाला? निंदायला दोन दिवस जाऊन आल्या. हसणं? आदल्या दिवशी शेजारणीच्या नातवाने काहीतरी केलं त्यावर हसल्या आणि लगेच अपराध्यासारखं वाटलं.

हे सगळं मी मुद्दाम तपशिलात सांगतेय, कारण गावाला हे वेड वाटतं आणि हे वेड नाही. गेलेल्या माणसाची चाहूल लागणं, आवाज येणं, घरात कुणीतरी आहे असं वाटणं हे जोडीदार गेलेल्यांमध्ये फार कॉमन आहे. 1971 साली डेवी रीस नावाच्या डॉक्टरने वेल्समधल्या 293 विधवा-विधुरांना विचारलं तर जवळपास निम्म्यांना असा अनुभव आलेला होता आणि बऱ्याच जणांनी तो आधी कुणाला सांगितलाच नव्हता. ओळखायची खूण अशी की माणसाला थोड्या वेळात स्वतःलाच कळतं की ते गेलेत, आवाज हुकूम देत नाही, घाबरवत नाही, आणि बाकी दिवस कसाबसा का होईना चालू असतो. आवाज "तू पण ये" म्हणायला लागला किंवा माणसाला तो माणूस खरंच जिवंत आहे असं दिवसभर पक्कं वाटायला लागलं, तर मात्र मानसोपचार डॉक्टरकडे न्यायचं, थांबायचं नाही.

आणि 2 ची जाग? तीन महिने रोज 2 ला उठलेलं शरीर आहे ते. माणूस गेला म्हणून शरीराचा गजर त्या दिवशी बंद होत नाही. कॅन्सरच्या घरात सेवा करणाऱ्याचं हे होतंच, कुणाला गॉज बदलायच्या वेळेला हात शिवशिवतात, कुणाला औषधाच्या वेळेला धस्स होतं. काकूंना मी एवढंच सांगितलं की जाग येऊ द्या, उठून पाणी प्या, बाहेर चक्कर मारा, परत आडवं व्हा, कमी होईल. झोपेची गोळी आमच्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केली. दुःख झालंय आणि दुसरा काही मानसिक आजार नाही अशा माणसाला या जातीच्या गोळ्या देऊ नका असं डब्ल्यूएचओच्या 2013 च्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे. पण आपल्याकडे मौतीच्या घरात पहिल्या आठवड्यात कुणीतरी ती देतंच, आणि नंतर सवय सुटत नाही ती वेगळीच.

एक प्रश्न मी प्रत्येक घरात विचारते, काकूंनाही विचारला, सरळ शब्दांत. जगू नये असं वाटतं का? म्हणाल्या, "मलाबी न्यायला पायजे हुतं." हे वाक्य मौतीच्या दहापैकी आठ घरात ऐकू येतं. तिथे थांबायचं नाही, पुढे विचारायचं, स्वतःहून काही करावं असं मनात येतं का, कसं, केव्हा? त्या म्हणाल्या, "लेकीचं व्हायचंय अजून, मी कुठं जाते." तरीपण मी मुलाला सांगितलं की फवारणीचं औषध घरात ठेवू नको, शेतातल्या कोठीत कुलपात ठेव. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन खूळ शिरत नाही. आपल्या भागात औषधाचा डबा प्रत्येक घरात दाराआड असतो, म्हणून हे विचारणं मला तरी सोडवत नाही.

काकूंना खरा त्रास दुसराच होता आणि तो त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितला. नवऱ्याचा चेहराच आठवत नव्हता. डोळे मिटले की तो भोक पडलेला गाल दिसायचा आणि वास यायचा. तोंडाच्या, गळ्याच्या, स्तनाच्या कॅन्सरमध्ये जिथे जखम उघडी असते तिथे हे बघायला मिळतं, शेवटचं चित्र आधीच्या तीस वर्षांना झाकून टाकतं. काकूंना वाटत होतं आता कायम असंच राहणार. मी म्हटलं, जुने फोटो काढा. लग्नाचा एक, पंढरपूरचा एक आणि मुलाच्या जावळाचा एक निघाला. मग दर भेटीत एकेक फोटो घेऊन मी त्या दिवसाबद्दल विचारायचे, काय घातलं होतं, कोण आलेलं, ते काय म्हणाले. पंढरपूरच्या फोटोत त्यांनी गालात पान धरलेलं होतं, तोच गाल, त्यावर काकू खूप रडल्या आणि मग म्हणाल्या, "लई देखणे हुते ओ." चार-पाच महिन्यांत चेहरा परत आला. यात औषध काही नाही, बहुतेकांचा असाच परत येतो, फक्त कुणीतरी आजारपणाच्या आधीचं बोलू द्यावं लागतं. भेटायला येणारा प्रत्येक जण "शेवटी लई हाल झाले का" एवढंच विचारत असेल तर त्याला वेळ लागतो.

बांगड्यांचंही सांगते. दहनाच्या दिवशी बायकांनी काकूंच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. "मला एकीनं बी इचारलं न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ही प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकी ग्रामपंचायतींनी तसं करावं असं परिपत्रक काढलं, पण काकूंच्या गावात ते पोचलेलं दिसलं नाही. मला वाटतं ज्या बाईने तीन महिने हाताने जखम धुतली तिच्या हातांना त्याच दिवशी असं वागवणं ही दुःखात घातलेली भर आहे, रीत म्हणून ती गप्प बसली तरी.

तर काकूंचं दुःख जोरात होतं, दिसत होतं, पण हलत होतं. एका तासाला रडणार, दुसऱ्या तासाला तलाठ्याकडे वारस नोंदीची चौकशी करणार. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस 18 ते 59 वयात गेला तर एकदाच 20,000 मिळतात, त्याचे कागद काकूंनी स्वतः तहसीलला नेऊन दिले आणि परत येताना एसटीत रडल्या. हे असं इकडून तिकडे जाणं, थोडा वेळ गेलेल्याकडे आणि थोडा वेळ पुढच्या आयुष्याकडे, हेच निरोगी शोकाचं लक्षण आहे असं स्ट्रोब आणि शुट या दोघांनी 1999 मध्ये मांडलं. मला पाच पायऱ्यांपेक्षा हे खूप खरं वाटतं. नकार, राग, वाटाघाट, नैराश्य, स्वीकार या पायऱ्या कुब्लर-रॉस यांनी 1969 ला मांडल्या त्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटबद्दल होत्या, मागे राहिलेल्यांबद्दल नाही. त्या क्रमाने कुणी रडत नाही, आणि "आता तुमची रागाची पायरी चालूये" असं काकूंना सांगून काय उपयोग झाला असता.

आजीचं दुःख शांत होतं. "आदी म्या जायचं, मपलं लेकरू गेलं." त्यांच्या बाबतीत आम्ही गोळ्यांचा डबा बघितला तर बीपीची गोळी महिनाभर घेतलेलीच नव्हती. म्हाताऱ्या माणसांचं शोकात हे पहिलं बघावं, गोळ्या, पाणी, जेवण. नर्सताईने नातीला जबाबदारी दिली आणि ते मार्गी लागलं.

आता मुलाकडे येते.

डिसेंबरात वेळ अमावस्या आली. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला सांगायला नको की येळवस म्हणजे काय, सगळं गाव रिकामं होऊन शेतात जातं, कडब्याची कोप, आत पांडव मांडायचे, आंबील, भज्जी, उंडे. वर्ष दुखाचं होतं तरी आजी म्हणाली रानाला उपाशी ठेवायचं नाही, साधं करू. घरातले सगळे गेले, मुलगा गेला नाही. भाडं आहे म्हणाला. काकूंनी मला फोनवर हे सहज सांगितलं, मी म्हटलं पहिला सण आहे, होतं असं. सण, वाढदिवस, दवाखान्याची तारीख, याला दुःख उसळी मारतंच आणि दोन-चार दिवसांत ओसरतं, त्यामुळे मी ते तेवढ्यावर सोडलं.

फेब्रुवारीत, म्हणजे सहावा महिना सरताना, मुलीचा फोन आला. दादा शेतात जातच नाही, पोळ्यानंतर एकदाही गेला नाही, सोयाबीनची काढणी चुलत्यांनी केली, तूर पण त्यांनीच. बाबांचं नाव निघालं की उठून जातो. रोज रात्री 10 च्या आधी घराबाहेर पडतो आणि पिऊन येतो. आणि तिला टेम्पोच्या डॅशबोर्डमध्ये गोळ्यांचं पाकीट सापडलं, मॉर्फिनचं, 14 गोळ्या.

मी दुसऱ्या दिवशी गेले, घरी नाही, औशाला टेम्पो स्टँडवर. चहा घेतला. मी त्याला म्हटलं, तेराव्याला तू मला चहा दिलास आणि मी तुला काही विचारलं नाही, त्याबद्दल माझं चुकलं, आज विचारायला आलेय. बराच वेळ तो बोलला नाही. मग एकदम, रस्त्याकडे बघत, "ताई, मीच मारलं त्यांना. दोन गोळ्या दिल्या मी. दहाला दोन दिल्या आणि पाचला गेले."

सहा महिने हे पोरगं हे वाक्य घेऊन टेम्पो चालवत होतं.

त्यात दशक्रियेला कावळा शिवला नव्हता. दीड तास घाटावर सगळे उभे, एकेक जण पुढे होऊन हात जोडून सांगतोय, शेतीची काळजी करू नका, आईला सांभाळू, आणि शेवटी चुलत्यांनी पोरीचं लग्न करून देतो म्हटल्यावर शिवला. लोक सहज बोलले, काहीतरी राहिलं होतं जीवात. मुलाने ऐकलं ते असं की वडील माझ्यावर नाराज आहेत, मी शब्द दिला तेव्हा नाही शिवला. मी त्याच्याशी कावळ्यावर वाद घातला नाही. त्याच्यासाठी तो पुरावा होता आणि तुझा पुरावा खोटा असं म्हणून तो माझ्याशी पुन्हा बोलला नसता.

आधी सुरक्षितता. गोळ्या कशाला ठेवल्यास असं विचारलं. म्हणाला फेकवल्या नाहीत, आणि मग, कधीकधी वाटतं सगळ्या एकदम घ्याव्यात, आईकडे बघून थांबतो. त्या 14 गोळ्या त्याने माझ्या हातात दिल्या, मी दवाखान्यात जमा केल्या. बहिणीला आणि चुलत्यांना त्याच्यासमोरच सांगितलं की पुढचे काही आठवडे याला एकट्याला सोडायचं नाही, कोठीची किल्ली चुलत्यांकडे. टेलि-मानसचा 14416 नंबर त्याच्या मोबाईलमध्ये सेव्ह केला, तो 24 तास आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरना दाखवलं. नैराश्य होतं, त्याची गोळी सुरू झाली, दारूबद्दल बोलणं झालं. पण डॉक्टर स्वतः म्हणाले की गोळीने झोप, भूक, उदासी सुधारेल, वडिलांचं जे अडकलंय ते बोलूनच सुटेल.

अडकलंय म्हणजे काय हे इथे सांगते. जगभरच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, आता प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर असं निदान आहे. किमान सहा महिने उलटलेत, गेलेल्याची ओढ किंवा त्याचाच विचार सतत आहे, सोबत तीव्र वेदना, अपराधीपणा, राग, विश्वास न बसणं, आणि त्यामुळे रोजचं जगणं बिघडलंय, आणि हे सगळं त्या समाजाच्या रीतीपेक्षा जास्त आहे, असं असेल तर. अमेरिकन पद्धतीत मोठ्या माणसाला हीच मुदत बारा महिन्यांची आहे. आजारपणाने गेलेल्यांच्या मागे साधारण दहात एकाला असं होतं असा अंदाज आहे. म्हणजे दहातले नऊ काकूंसारखे, वेळ आणि माणसं मिळाली की आपलेआप चालते होतात, त्यांना समुपदेशकाची गरज नसते. मी एक साधा प्रश्न वापरते: गेल्या आठ दिवसात असा थोडा तरी वेळ गेला का की तेवढ्यापुरता विसर पडला? काकूंचं उत्तर सहाव्या आठवड्यात "व्हय, रानात" होतं. मुलाचं सहाव्या महिन्यात "नाही" होतं, टेम्पोत पण नाही, झोपेत पण नाही.

यासाठी कॅथरीन शिअर यांनी तयार केलेली 16 बैठकांची एक पद्धत आहे. मी ती पूर्ण शिकलेली नाही, तिच्यातले तीन भाग मी डॉक्टरांच्या देखरेखीखाली 11 बैठकांत वापरले.

पहिला भाग म्हणजे ती रात्र सांगायची, डोळे मिटून, आत्ता घडतंय अशी, दर बैठकीत पुन्हा. पहिल्या वेळी तो "दहाला दोन दिल्या, पाचला गेले" याच्यापलीकडे गेलाच नाही, मधले सात तास गायब. दुसऱ्या वेळी म्हणाला डोस देऊन मी ओट्यावर झोपलो, आईने उठवलं तेव्हा घरघर चालली होती, श्वास मध्येच थांबायचा आणि परत यायचा. ती घरघर त्याला गोळ्यांचा परिणाम वाटली होती.

तिसऱ्या बैठकीला आमच्या डॉक्टर आल्या आणि ती वही मागवली. वहीत शेवटचे 23 दिवस होते आणि 23 ही रात्री 10 ला "2 गोळ्या" लिहून टिक. डॉक्टरांनी त्याला सावकाश समजावलं. साध्या मॉर्फिनचा जोर तासाभरात चढतो आणि चार-सहा तासांत उतरतो. जास्त झालं असतं तर अकरा-बाराच्या सुमाराला गाढ गुंगी आली असती, हलवून उठले नसते, श्वास अगदी संथ पडला असता. तोच डोस 22 रात्री शरीराने घेतलेला, तेविसाव्या रात्री तो एकदम विष होत नाही. आणि घरघर, श्वासात खंड पडणं हे मॉर्फिन कधीच न घेतलेल्या माणसांचंही शेवटच्या तासांत होतं, घशात लाळ साचते आणि ती गिळायची ताकद नसते. तो ऐकत होता पण मान हलवत होता. "पण बाराला कुणी बघितलं? मी तर झोपलो होतो."

बाराला कुणी बघितलं नव्हतं. पण 2 ला बघितलं होतं.

मी त्याला विचारलं, आईला बोलावू का? सहा महिन्यांत या दोघांनी त्या रात्रीबद्दल एक शब्द काढला नव्हता. आईला वाटायचं पोरगं आधीच खचलंय, त्याला वाटायचं आईला कळलं तर ती तोंड बघणार नाही. काकू आल्या, पदराने हात पुसत बसल्या. मी म्हटलं, काकू, त्या रात्री 2 ला काय झालं ते सांगा. त्यांनी सांगितलं. नेहमीसारखी जाग आली, कूस बदलली, ते जागे झाले, डोळे उघडले, हाताने खूण केली पाण्याची, नळीतून पाणी दिलं. मग त्यांनी काकूंचा हात धरला आणि ओट्याकडे बोट केलं, पोराकडे, आणि हातानेच म्हणाले झोपू दे त्याला. "तुला उठवणार हुते मी, त्येंनी उठवू दिलं न्हाई."

त्या दिवशी तो रडला. काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून, आवाज काढून. मी अर्धा तास बाहेर आजीजवळ जाऊन बसले.

यानंतर सगळं एकदम सुटलं असं मात्र झालं नाही. पुढच्या बैठकीत तो म्हणाला, मग मी झोपायला नको होतं. मनाला दोषी लागतोच, एक कारण पडलं की दुसरं उभं करतं. पण या वाक्यात दुःख होतं, गुन्हा नव्हता, फरक ऐकू येत होता.

दुसरा भाग, टाळलेल्या जागांकडे परत जाणं, पायरीपायरीने. आधी शेताच्या फाट्यापर्यंत टेम्पो नेऊन दहा मिनिटं थांबायचं, मन किती हादरतं ते दहापैकी आकडा सांगायचं. पहिल्या दिवशी 9 सांगितला. चार वेळा जाऊन 5 वर आला तेव्हा बांधापर्यंत, मग विहिरीपर्यंत, मग जिथे वडील दुपारी पडायचे त्या लिंबाखाली. घाई केली की माणूस पळतो. एकदा चुलत्यांनी उत्साहात त्याला थेट लिंबाखाली नेलं आणि त्या रात्री तो पुन्हा प्यायला, आम्हाला फाट्यापासून परत सुरू करावं लागलं.

तिसरा भाग, वडिलांशी बोलायचं, मोठ्याने, आणि मग वडील काय म्हणाले असते ते त्यांच्या आवाजात म्हणायचं. मला वाटलं तो लाजेल. तो लिंबाखाली बसून बोलला, मी लांब बांधावर होते. काय बोलला ते मी विचारलं नाही, त्याने एवढंच सांगितलं, "आबा म्हणले, वही चांगली ठेवलीस."

यादरम्यान पाहुण्यांचा वेगळाच घोर चालू होता, वर्षाच्या आत पोरीचं लग्न उरका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. कावळ्याला शब्द दिलाय म्हणून चुलतेही त्याच बाजूला. मुलीचं शेवटचं वर्ष होतं. मी एरवी घरच्या निर्णयात पडत नाही पण इथे सांगितलं की ज्या घरात अजून कुणी नीट जेवत नाही त्या घराने लग्न, जमीन विकणं, गाव सोडणं असले निर्णय होता होईल तो पहिल्या वर्षात करू नयेत. ठाम नकार शेवटी आजीने दिला, "शबुद लग्नाचा दिलाय, तारखेचा न्हाई." त्यावर कुणी बोललं नाही.

वर्षश्राद्धाच्या आठवड्यात सगळ्यांचं पुन्हा वर आलं, काकूंना वास आला, मुलाची झोप गेली. आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की असं होईल आणि ते पहिल्या महिन्याइतकं टिकणार नाही. दहा-बारा दिवसांत खाली बसलं. तेराव्या महिन्यात आम्ही शेवटचं म्हणून गेलो तेव्हा मुलगा सोयाबीन काढायच्या गडबडीत रानातच होता, गोळी अजून चालू, दारू सुटली म्हणता येणार नाही पण रोजची राहिली नव्हती. आठवण रोज येते म्हणाला, दहाच्या सुमाराला हमखास. त्या वहीची उरलेली पानं आता काढणीच्या मजुरीच्या हिशोबाला वापरतात, सुरुवातीची 23 दिवसांची पानं तशीच आहेत. काकूंनी हातात दोन काचेच्या बांगड्या घातल्या होत्या, मी काही विचारलं नाही. निघताना त्यांना झोपेचं विचारलं. म्हणाल्या, "दोनला जाग येतीच. उठते, पाणी पिते, त्येंला बी एक तांब्या भरून ठिवते, आन् झोपते."